पिवळा त्रिकोणही विषच

आमच्या सास्तूर भागात कीडनाशकाला सगळे 'औषध'च म्हणतात. ऑगस्टमध्ये सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला की दुकानात मागणी होते, "कडक द्या, लाल त्रिकोणाचं." पीक संरक्षणाचं काम करताना मला सर्वांत जास्त वेळा खोडावा लागलेला समज हाच. त्रिकोणाचा रंग किडीसाठी नाही, तो फवारणाऱ्या माणसासाठी आहे.

डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. तो मधोमध विभागून दोन त्रिकोण होतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो, वरच्यात इशारा. ते उत्पादन पोटात गेल्यावर किंवा कातडीतून शिरल्यावर किती घातक, यावर रंग ठरतो. प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा पाहतात. तोंडावाटे दर किलो वजनाला 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा.

आता वरचा त्रिकोण पाहा. लाल रंगावर कवटी, हाडं आणि 'विष' हा शब्द असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'विष' हा शब्द तोच असतो. निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान'. कवटी दिसली नाही की माणूस निर्धास्त होतो आणि पिवळ्या डब्याचं द्रावण उघड्या हाताने ढवळतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या घटकांत मोनोक्रोटोफॉससारखा लाल त्रिकोणाचा होता, तसा प्रोफेनोफॉससारखा पिवळ्या त्रिकोणाचाही होता.

एक एकर सोयाबीनचंच उदाहरण घेऊ. चक्रीभुंग्यासाठी दुकानात दोन डबे समोर येतात. पहिला प्रोफेनोफॉस 50 टक्के, पिवळा त्रिकोण, हेक्टरी 1 लिटर, म्हणजे एकरी 400 मिली. दुसरा क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, हिरवा त्रिकोण, हेक्टरी 150 मिली, म्हणजे एकरी फक्त 60 मिली. दोन्ही याच पिकावर, याच किडीसाठी नोंदलेले. हिरव्याची मात्रा जवळपास सातपट कमी आणि माणसाला धोकाही कमी. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 16 लिटरच्या पंपाला त्याचे पावणेपाच मिलीच्या आसपास पडतात. हे टोपणाच्या अंदाजाने साधत नाही, मापाचा प्याला लागतो.

मात्र हिरवा म्हणजे सगळ्यांना निर्धोक असं नाही. पाण्यातल्या बारीक जिवांना हाच घटक फार घातक आहे. म्हणून पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुवायचा नाही.

रंगाच्या आधी पाहायचं ते 'लेबल क्लेम', म्हणजे कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी नोंदणी झाली आहे. ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. एकदा एका शेतकऱ्याने मला इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्क्याचं पाकीट दाखवलं. "सर, दुकानदार म्हणला सोयाबीनला चालतंय." पत्रक उघडलं तर त्यात कापूस, तूर, हरभरा होते, सोयाबीन नव्हतं. त्यामुळे सोयाबीनसाठीची मात्रा त्यात नव्हती आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं तेही नव्हतं.

हा प्रतीक्षा काळ तारखेवर मांडून पाहा. 25 जूनला पेरलेलं सोयाबीन 1 ऑक्टोबरच्या सुमारास काढणीला येतं. क्लोरँट्रानिलीप्रोलसाठी सोयाबीनवर 29 दिवस थांबावं लागतं. म्हणजे 2 सप्टेंबरनंतर ते फवारायचं नाही, अळी कितीही दिसली तरी. मग कमी प्रतीक्षा काळाचा, सोयाबीनवर नोंदलेला दुसरा घटक शोधायचा.

काही बाटल्यांवर त्रिकोणच नसतो. 'जैविक, शंभर टक्के अळी साफ' असं लिहिलेलं असतं, पण घटकाचं नाव आणि टक्केवारी नसते. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने कीड मारण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनाला फरीदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. निंबोळीवर आधारित कीडनाशकही त्याला अपवाद नाही. त्यामुळे डब्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हवी. ब्रँडची नावं अनेक असतात, आतला घटक तोच असतो. म्हणून घटकाचं नाव वाचून भाव विचारावा. पक्क्या पावतीवर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. त्याशिवाय तक्रारीला आधार उरत नाही.

आणि डबा फवारणी संपेपर्यंत बांधावर ठेवावा. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी सुरू झाली तर माणसासोबत तो डबाही दवाखान्यात न्यायचा. प्रोफेनोफॉसच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन देतात; सायपरमेथ्रिनसारख्या घटकाला असा ठरावीक उतारा नाही. पोटात किंवा अंगावर नेमकं काय गेलं, हे डॉक्टरांना त्या डब्यावरूनच कळतं. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली असतील, तर तेवढे डबे सोबत न्यावेत.