मीटिंग पुढे ढकलायची, पण कुठल्या काळात?

जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर ऑनलाइन मीटिंग ठरली होती गुरुवारी, 23 ऑक्टोबर 2025ला. ठरवताना कुणी पंचांग बघितलं नव्हतं; नेमकी त्या दिवशी भाऊबीज निघाली. आमची शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री लक्ष्मीपूजनापासून बंद राहणार, मशीन शॉपची पोरं गावाला जाणार आणि पंप हाउसिंगच्या सॅम्पलची मापं घेणारा माणूस तर आधीच आजऱ्याची एसटी धरून बसलेला. मापांचा रिपोर्ट हातात नसताना मीटिंगमध्ये बोलणार काय? पुढच्या मंगळवारी घेऊ या, असं साहेबांनी ठरवलं आणि मला म्हणाले, "त्यांना एक मेल टाकून दे."

मी डिप्लोमा मेकॅनिकल. तपासणी विभागातून नुकताच मार्केटिंगच्या टेबलावर आलो होतो. मापात किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर छापलेलं असतं. इंग्रजी वाक्यात किती चालेल ते कुठेच छापलेलं नसतं. तरी पाच ओळींचा मेल तो काय, म्हणून बसलो आणि लिहिला. असा:

"रिस्पेक्टेड सर, आय हॅड सेंट यू द ड्रॉइंग लास्ट वीक. अवर मीटिंग वॉज शेड्यूल्ड ऑन थर्सडे. ड्यू टू दिवाळी, वी हॅव रिशेड्यूल्ड इट ऑन नेक्स्ट ट्यूसडे, 3.30 पीएम. वी विल डिस्कस अबाउट सॅम्पल रिपोर्ट. काइंडली रिव्हर्ट टिल फ्रायडे अँड डू द नीडफुल."

पाठवण्याआधी मार्केटिंगच्या मॅडमना दाखवायचा नियम होता. त्यांनी तो वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "ही मीटिंग बदलली कुणी?"

"आपण."

"त्यांना विचारलंस?"

"तेच तर विचारतोय ना मेलमध्ये."

"नाही रे बाबा, तू विचारत नाहीयेस. तू कळवतोयस."

मला काही उमगेना. 'वी हॅव रिशेड्यूल्ड' हे व्याकरणात चोख बसतं. शाळेत पूर्ण वर्तमानकाळ घोटून घेतला होता. मॅडमचं म्हणणं असं, की वाक्य बरोबर आहे म्हणूनच गोची आहे. 'हॅव' लावलं की काम उरकलं. आता ग्राहकाने फक्त मान डोलवायची. आपल्या पुरवठादाराला अशी ओळ लिहिली तर एक वेळ चालेल, पण ग्राहकाने आपल्यासाठी राखून ठेवलेला तास आपण परस्पर हलवायचा नसतो. ते हो म्हणेपर्यंत गुरुवारची मीटिंग जागच्या जागी उभी आहे. म्हणून 'वॉज शेड्यूल्ड' सुद्धा नको. 'वॉज' वाचून त्यांना वाटेल की ही रद्दच झालेली दिसते. 'इज शेड्यूल्ड' लिही, आणि पुढे विनंती कर: 'कुड वी मूव्ह इट'.

काळ म्हणजे गोष्ट कधी घडली ते सांगणारा, एवढंच मला ठाऊक. इथे तर काळावरून मालक कोण ते ठरत होतं.

मग गाडी पहिल्या वाक्यावर आली. 'आय हॅड सेंट' खाली मॅडमनी पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, "मग पुढे काय झालं?" पुढे काहीच झालं नव्हतं. ड्रॉइंग पाठवलं होतं, संपलं. पण इंग्रजी 'हॅड' एकटा राहत नाही म्हणे. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी हे घडलं असं सांगायचं असेल तरच तो लागतो: तुमचा फोन आला, त्याआधी आम्ही ड्रॉइंग पाठवलं होतं. नाही तर वाचणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो. आपण मराठीत 'पाठवलं होतं' सहज म्हणतो आणि तेच 'होतं' उचलून 'हॅड' करतो. आमच्या ऑफिसातले जुने मेल नंतर उघडून पाहिले, तर जिकडे तिकडे 'हॅड'चं पीक. साधं 'आय सेंट' पुरतं. 'लास्ट वीक' सोबत असल्यामुळे 'आय हॅव सेंट'ही चालत नाही; ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' बाहेर. खरं तर मॅडमनी ते सगळं वाक्यच काढून टाकलं, कारण मीटिंग हलवण्याच्या मेलमध्ये ड्रॉइंगचं काय काम! पण काढण्यापूर्वी समजावलं, हे त्यांचं वैशिष्ट्य.

शब्दयोगी अव्ययांची, म्हणजे 'ऑन', 'फॉर', 'टू' यांची वरात त्याहून मोठी. आपल्याकडे गुरुवारी, गुरुवारची, गुरुवारवरून, मंगळवारवर असं सगळं शब्दाच्या शेपटीला चिकटतं आणि आपण त्याचा विचारही करत नाही. 'शेड्यूल्ड ऑन थर्सडे' लिहिलं तर ठरवण्याचं काम गुरुवारी झालं असाही अर्थ निघतो. मीटिंग ज्या दिवसासाठी आहे त्याला 'फॉर': 'शेड्यूल्ड फॉर थर्सडे'. हलवताना जिथून हलवली तिथे 'फ्रॉम' आणि जिथे नेली तिथे 'टू'. 'रिशेड्यूल्ड ऑन ट्यूसडे' म्हणजे हलवाहलव मंगळवारी केली. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागतच नाही. चर्चा कशाबद्दल हे त्या क्रियापदाच्या पोटातच आहे.

सगळ्यात गंमत 'टिल फ्रायडे'ची. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, असं मला म्हणायचं होतं. पण आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं: शुक्रवारपर्यंत थांबा आणि शुक्रवारपर्यंत पैसे भरा. इंग्रजीत थांबण्याला 'टिल', भरण्याला 'बाय'. 'रिप्लाय टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत उत्तरं देतच राहा. शिवाय 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हे भारतातल्या ऑफिसांत सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला त्यातून 'पूर्वपदावर जा' असं ऐकू येऊ शकतं. 'डू द नीडफुल'वर मॅडम काही बोलल्याच नाहीत, नुसती काट मारली.

मी म्हटलं, सरळ 'मूव्ह फॉरवर्ड' लिहू का? आपण मीटिंग पुढेच ढकलतोय. त्यावर त्या एकदम सावध झाल्या. मराठीत पुढे ढकलली म्हणजे उशिरा, यात दुमत नाही. इंग्रजीत मात्र 'फॉरवर्ड'वर भरवसा ठेवता येत नाही. नंतर मी वाचलं, की लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांनी 2002 साली यावर शोधनिबंधच लिहिला आहे. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' केली, तर ती आता कधी, असा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला. साधारण निम्मे म्हणाले शुक्रवारी, निम्मे म्हणाले सोमवारी. आणि हे सगळे इंग्रजी बोलणारे! तिथे आमच्यासारख्यांची काय कथा. 'नेक्स्ट ट्यूसडे'चंही तेच: येता मंगळवार की त्याच्या पुढचा? मॅडमचा उपाय सरळ होता. दिशा सांगूच नये, तारीख सांगावी, आणि महिना अक्षरात लिहावा, म्हणजे आकड्यांत दिवस आधी की महिना आधी हा घोळ नको.

एवढ्यावर संपेल असं वाटलं, तर वेळ निघाली. दुपारी साडेतीन म्हणजे त्यांचे बारा, हे मला तोंडपाठ होतं, कारण आधीची मीटिंग तशीच ठरली होती. मॅडम म्हणाल्या, "26 तारखेला रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातील." युरोपात उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. 23 तारखेला आपल्यात आणि जर्मनीत साडेतीन तासांचा फरक, 28 तारखेला साडेचार तासांचा. म्हणजे मंगळवारी आपले साडेतीन वाजतील तेव्हा त्यांचे अकरा. मी नुसतं '3.30 पीएम' लिहिलं होतं. कुणाचे साडेतीन, तेही नाही. यापुढे दोन्हीकडची वेळ शेजारी शेजारी लिहायची. ऑक्टोबरअखेर आणि मार्चअखेर तर दोनदा तपासून.

मग उरली अदब. मला वाटायचं 'काइंडली' घातलं की काम झालं. मॅडमच्या मते 'काइंडली'च्या मागून हुकूम आला तर तो हुकूमच राहतो, फक्त सरकारी नोटिशीसारखा वाटतो. त्यांनी लिहिलं, 'वुड ट्यूसडे सूट यू?' मी विचारलं, मंगळवार तर यायचाय, मग 'वुड' हे 'विल'चं भूतकाळी रूप कशाला? त्यांनी उलट मलाच विचारलं, "साहेबांकडे रजा मागायला गेलास की काय म्हणतोस?"

"सर, जरा विचारायचं होतं."

"होतं? आणि आता नाही विचारायचं?"

मी गप्प. बोलताना भूतकाळ वापरून आपणही एक पाऊल मागे सरकतो, समोरच्याला नाही म्हणायला वाव ठेवतो. 'वुड' आणि 'कुड' तेच करतात. नाही म्हणायला खरोखरच वाव असावा म्हणून त्यांनी मंगळवारच्या जोडीला बुधवारही सुचवला. मात्र माफी एकदाच. माझा विचार शेवटी परत एकदा 'सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स' चिकटवायचा होता. त्या म्हणाल्या, दोनदा माफी मागितली की माणूस शोधायला लागतो, नक्की बिघडलंय काय.

शेवटी गेलेला मेल असा होता. वर 'डिअर मिस्टर' आणि आडनाव. मग:

"अवर मीटिंग इज शेड्यूल्ड फॉर थर्सडे, 23 ऑक्टोबर. अवर प्लांट विल बी क्लोज्ड फॉर दिवाळी दॅट वीक, अँड द मेझरमेंट रिपोर्ट विल नॉट बी रेडी बाय देन. कुड वी मूव्ह द मीटिंग टू ट्यूसडे, 28 ऑक्टोबर, अॅट 11.00 युअर टाइम, 3.30 पीएम इन इंडिया? इफ वेन्सडे अॅट द सेम टाइम वुड सूट यू बेटर, दॅट इज फाइन टू. आय अॅम सॉरी फॉर द चेंज. आय वुड बी ग्रेटफुल फॉर युअर रिप्लाय बाय फ्रायडे, 17 ऑक्टोबर."

मी लगेच कॅलेंडरचं निमंत्रणही बदलायला निघालो होतो. मॅडमनी हात धरला. निमंत्रण बदललं की त्यांच्या कॅलेंडरवर नवी तारीख जाऊन बसते, म्हणजे पुन्हा तोच 'वी हॅव रिशेड्यूल्ड', फक्त न बोलता. आधी होकार, मग जुनंच निमंत्रण उघडून त्यात वेळ बदलायची. नवं पाठवलं तर गुरुवारचंही तसंच लटकत राहतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मंगळवार चालेल, पण 'कुड वी ब्रिंग इट फॉरवर्ड बाय हाफ अॅन अवर?' मी खुर्चीतच ताठ झालो. फॉरवर्ड! मॅडम म्हणाल्या, 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे आपल्याकडे ओढून घेणं, आधी. ज्याला आपण ऐटीत 'प्रीपोन' म्हणतो, ते बहुतेक हेच. पण बहुतेकवर वेळ ठरवायची नाही. म्हणून परत आकड्यांत लिहिलं: 10.30 त्यांचे, 3.00 आपले, बरोबर ना? 'येस, करेक्ट' आलं. मग मी निमंत्रणातली वेळ बदलली आणि शेवटची ओळ माझी मीच लिहिली: 'आय हॅव अपडेटेड द इन्व्हिटेशन.' मॅडमनी 'हॅव'वर पेन्सिल ठेवली, क्षणभर बघितलं आणि उचलली. आता दोघांनी ठरवलं होतं. मी सेंडचं बटण दाबलं आणि रिपोर्ट मंगळवारी तीनच्या आत हवा, हे सांगायला आजऱ्याला फोन लावला.