पाव चमच्याचा हिशेब

कोलकात्यास बदलीचा हुकूम निघाला तेव्हा स्नेह्यांनी आम्हांस दोन गोष्टींविषयी सावध केले होते : एक तेथील दमट हवा आणि दुसरी तेथील मिठाई. हवेशी आमचे लवकरच जमले. मिठाईशी त्याहूनही लवकर जमले, आणि तेथेच घोटाळा झाला. दोन वर्षांनी रक्ताची नेहमीची तपासणी केली, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा ६.१ निघाला. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा आकडा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असे डॉक्टरांनी समजावले आणि विचारले, “चहा किती घेता?”

या प्रश्नाने आम्ही दचकलो. कारण हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना विचारला गेला होता. वडील करारी वृत्तीचे. त्यांनी त्याच दिवशी साखर सोडली. बिनसाखरेचा काळा कडू चहा ते औषधासारखा गिळीत आणि आम्हां सर्वांना त्यांचा मोठा अभिमान वाटे. पुढे एकदा त्यांचे कपाट आवरताना धोतरांच्या घडीखाली पेढ्यांचा पुडा सापडला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी शरम दिसली, ती आम्ही विसरू शकलेलो नाही. घरात ज्यांच्या शब्दाला मान, त्या माणसाला पेढा चोरून खावा लागत होता. तेव्हा आम्ही ठरविले की साखर कमी करावयाची, परंतु चोर व्हावयाचे नाही.

सरकारी माणसाने कपात करण्यापूर्वी चालू खर्च पाहावा. आम्ही आठवडाभर तो पाहिला. घरी दिवसाचे तीन कप, प्रत्येकी दोन चमचे. पण हे चमचे शिगेचे होते. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर तोलले, तेव्हा शिगेच्या चमच्यात सहा ग्रॅम साखर भरली आणि सपाट चमच्यात चार. म्हणजे घरच्या चहातच रोज छत्तीस ग्रॅम साखर पोटात जात होती. कचेरीतील दोन कप आणि मिठाई निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सुचविली, ती सामान्य आहाराच्या माणसाला वरून घातलेल्या सर्व साखरेची मिळून सुमारे पन्नास ग्रॅम, आणि शक्य तर पंचवीस, अशी येते. आम्ही ती दुपारच्या आतच ओलांडीत होतो.

पहिला पंधरवडा आम्ही फक्त चमचा सपाट केला. सुरीच्या पाठीने शीग खाली पाडावयाची, एवढेच. एक तृतीयांश साखर गेली आणि जिभेला फारसे कळलेही नाही. त्यानंतर दर पंधरवड्यास पाव चमचा कमी, असा क्रम ठेवला. जिभेची गोडीची कल्पना ही सवयीची गोष्ट आहे. ती बदलते, पण तिला आठवडे लागतात. पायरी उतरावयाची वेळ झाली की नाही, याची खूण सोपी आहे. कप संपल्यावर काही उणे राहिले असे वाटले नाही, तर पुढे जावे. वाटले, तर त्याच पायरीवर आणखी एक पंधरवडा थांबावे.

दीड चमच्यावर आलो तेव्हा आम्हांस घाई सुटली. एकदम एक चमचा केला. तिसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळले आणि उभ्या उभ्या चार संदेश खाऊन झाले. तीन दिवसांत कपातून जेवढी वाचविली, त्याहून अधिक साखर त्या पाच मिनिटांत वसूल झाली! घरी येऊन आम्ही गप्प बसलो, आणि ते गप्प बसणेच आम्हांस भिववून गेले. कपाटातला पुडा आठवला. रात्री सौभाग्यवतीस सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, साखर कमी केलीत, पण चहा तोच कडू ठेवलात. तो घशाखाली उतरणार कसा?”

त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडे चहाची भुकटी पाण्यात घालून खळखळा उकळतात. त्याने तुरटपणा उतरतो आणि तो झाकण्यासाठीच साखरेचा दुसरा चमचा लागतो. आम्ही कृती बदलली. पाणी उकळले की आच बंद करावयाची, मग पत्ती घालून झाकण ठेवावयाचे, तीन मिनिटांनी गाळावयाचे आणि दूध वेगळे तापवून घालावयाचे. सोबत वेलदोडा किंवा आले. शिवाय फार कढत चहात गोडी कमी जाणवते, म्हणून तो जरा निवू द्यावयाचा. असा चहा अर्ध्या चमच्यातही पुरेसा गोड लागतो. गुळाच्या चहाचा सल्ला अनेकांनी दिला, तो मात्र आम्ही मानला नाही. गूळ ही बव्हंशी साखरच.

कचेरीतला चहा किटलीतून साखरेसकट येतो. तेथे पाव चमच्याचे गणित चालत नाही. येथे दूध न घातलेल्या चहाला ‘लिकर’ म्हणतात. तो साखरेवाचून मागता येतो, आणि लिंबू पिळले की चांगला लागतो. आम्ही दोनांपैकी एक कप तसा केला, महिन्याने दुसराही.

राहिली चार वाजताची ओढ. तिचा हिशेब मांडला, तेव्हा ती बहुतेक भूकच निघाली. डबा एक वाजता, रात्रीचे जेवण नऊला. साडेतीनला मूठभर चणे-मुरमुरे खाऊ लागलो आणि संदेशाची हाक निम्म्याने मंदावली. उरलेल्या निम्म्यासाठी नियम केला की मिठाई पोटभर जेवणानंतर, बसून, सर्वांसमक्ष खावयाची. येथे मिठाई नगावर मिळते, ही मोठी सोय. रविवारी आम्ही दोन नग आणतो, पेटी आणीत नाही. हिवाळ्यात नव्या गुळाचा संदेश येतो. तोही आम्ही सोडलेला नाही.

जूनमध्ये आरंभ केला, तो सप्टेंबरअखेर आम्ही अर्ध्या चमच्यावर आलो. छत्तीस ग्रॅमचे सहा झाले. ऑक्टोबरात विजयादशमीनंतर शेजाऱ्यांकडे भेटीस गेलो. वहिनींनी ताट पुढे केले आणि म्हणाल्या, “दादा, नाही म्हणावयाचे नाही.” आम्ही एक रसगुल्ला घेतला आणि सावकाश खाल्ला. दुसरा घ्यावासा वाटला नाही. मनाला आवर घातला म्हणून नव्हे. पहिलाच पुरेसा गोड लागला म्हणून.

पुढच्या तपासणीत आकडा ५.८ आला. त्याचे सारे श्रेय चमच्यास देऊ नका, संध्याकाळचे चालणेही त्यात आहे, असे डॉक्टरांनी बजावले. ज्यांना इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर असला प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

परवा पुण्याहून धाकटे बंधू आले. पहिला घोट घेताच म्हणाले, “वहिनी, साखर विसरलात वाटते!” सौभाग्यवतींनी हसून साखरेचे भांडे त्यांच्यापुढे सरकविले. ते आमच्या टेबलावर असतेच, उघडे. आमच्या घरी आता साखर कोठेही लपविलेली नाही.