शिफारसपत्र आणि दहा मिलिमीटर

आमच्या विभागात LOR_format_final.docx नावाची एक फाइल आहे. ती मुळात कुणी लिहिली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. एका सरांकडून दुसऱ्या सरांकडे, तिथून मुलांच्या पेन ड्राइव्हवर, तिथून पुढच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी ती फिरत आली आहे. सुरुवात ‘इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेझर’ने. मग मी या विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखते, मग सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर, आणि शेवटी पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. दिवाळीची सुट्टी संपली की अमेरिकेला एमएससाठी अर्ज करणारी मुलं केबिनच्या दाराशी दिसू लागतात, कारण बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. प्रत्येकाला साधारण तीन पत्रं लागतात. मसुदा मुलांनीच आणायचा, आपण दोन शब्द बदलायचे आणि लेटरहेडवर सही करायची, ही आमच्याकडची रुळलेली पद्धत. तिच्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते. माझा विषय माती. गेल्या वर्षी जी मुलगी पत्रासाठी आली, ती तिसऱ्या वर्षापासून माझ्या प्रयोगशाळेत होती आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तिने माझ्याकडेच केला. काळ्या मातीत उसाच्या चिपाडाची राख मिसळून मातीचं फुगणं कमी होतं का, हे तिचा गट पाहत होता. तिने आणलेला मसुदा त्याच फाइलवर बेतलेला होता. ओळखायला फार वेळ लागला नाही, कारण तिसऱ्या परिच्छेदात तिच्याबद्दल लिहिताना ‘ही’ आणि ‘हिज’ तसेच राहिले होते. आदल्या वर्षीच्या कुणा मुलाचे ते अवशेष. तिने दाखवलेल्या बाकीच्या दोन मसुद्यांतही तीच वाक्यं थोड्या फरकाने होती. तीन वेगळ्या प्राध्यापकांनी लिहिलेली म्हणून जाणारी ही पत्रं प्रवेश समितीतला माणूस एकापाठोपाठ एक उघडणार होता.

मी एक सोपी चाचणी केली. मसुद्यातलं तिचं नाव खोडलं आणि तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचं नाव घालून पत्र वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं ठरलं नाही. मग तिसऱ्याचं घातलं, तरी तेच. साठ जणांच्या वर्गातल्या निम्म्यांना ते पत्र बेतून शिवल्यासारखं बसलं असतं.

मसुद्याचा मधला परिच्छेद, मराठीत सांगायचा तर, असा होता: ‘तिला विषयाची उत्तम जाण आहे. प्रात्यक्षिकांत ती नेहमी उत्साहाने भाग घेते. ती मेहनती, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय असून सहकाऱ्यांना मदत करण्यास तत्पर असते.’ यात चुकीचं काही नाही. पण वाचणाऱ्याला हे पडताळून पाहता येत नाही. शिवाय मुलींच्या पत्रांची एक वेगळी गोम आहे. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अभ्यास केला होता. तो 2003 साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांच्यात कष्टाळूपणाची विशेषणं जास्त होती आणि संशोधनाचा उल्लेख कमी. आमची फाइल बिचारी मुलगा-मुलगी भेद करत नाही, सगळ्यांनाच कष्टाळू करून टाकते. पण जिचं संशोधनच सांगण्यासारखं आहे, तिच्या पत्रात फक्त कष्ट उरले तर नुकसान तिचं जास्त होतं.

मी तिला रेझ्युमे मागितला नाही, तो पोर्टलवर जाणारच होता. म्हटलं, ‘लॅबची कच्ची वही आहे का अजून?’

‘आहे मॅडम, पण फार घाण आहे. फेअर जर्नल आणू का?’

फेअर जर्नल मला नको होतं. फेअर जर्नलमध्ये सगळ्यांचे आलेख गुळगुळीत असतात, आणि ते कुठून येतात हे लॅबच्या भिंतींनाही ठाऊक आहे. कच्च्या वहीत मला हवं ते सापडलं. प्रसंग माझ्याच प्रयोगशाळेत घडला होता, पण त्याचे तपशील माझ्या डोक्यातून निसटले होते.

मातीची द्रवसीमा, म्हणजे लिक्विड लिमिट, काढायला कासाग्रांदेचं उपकरण वापरतात. पितळेच्या वाटीसारख्या कपात ओली माती थापायची, मधून खाच पाडायची आणि दांडा फिरवून कप रबराच्या कठीण बैठकीवर आपटत राहायचा. खाचेच्या दोन्ही बाजू खाली 12 मिलिमीटर लांबीपर्यंत मिळाल्या की ठोके मोजून थांबायचं. वेगवेगळ्या ओलाव्यांना हे करून आलेख काढतात आणि 25 ठोक्यांना जो ओलावा येतो ती द्रवसीमा. या सगळ्याला अर्थ येतो तो कप दर वेळी बरोबर 10 मिलिमीटरवरून पडला तरच.

तिच्या गटाला एका मातीची द्रवसीमा 69 आली आणि शेजारच्या टेबलवर त्याच मातीची 66. वर्गात अशा वेळी एकच होतं: जवळचा आकडा ‘घेऊन’ जर्नल पूर्ण होतं. हिने आधी स्वतःवर संशय घेतला. आपण माती नीट कालवली नसेल, ओलावा मुरायला वेळ दिला नसेल, म्हणून तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा 69. मग तिने तीच कालवलेली माती शेजारच्या उपकरणावर नेली आणि दांडा स्वतःच फिरवला. माणूस तोच, माती तीच, बदललं फक्त उपकरण. आता 66 आली. वहीत या पानावर तिने एवढंच लिहिलं होतं: ‘मी नाही. मशीन.’

खाच पाडायच्या हत्याराच्या मुठीचं टोक मुद्दाम 10 मिलिमीटरचं केलेलं असतं, कपाची उंची मोजायला. पुस्तकात ते लिहिलेलं असतं, वापरत कुणी नाही. तिने ते टोक कपाखाली घातलं, तर ते शिरेचना. कप जवळजवळ दोन मिलिमीटर कमी उंचीवरून पडत होता. उंची कमी म्हणजे प्रत्येक ठोक्याचा जोर कमी, मग तीच खाच मिटायला ठोके जास्त लागतात, आणि 25 ठोक्यांत मिटवायची तर माती अधिक ओली असावी लागते. म्हणून आकडा चढा. तिने लॅबच्या मामांना बोलावून स्क्रू सारखा करून घेतला, माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही. मला कळलं ते पुढच्या आठवड्यात, प्रत्येक उपकरणाला चिठ्ठी चिकटवलेली दिसली तेव्हा: ‘सुरू करण्याआधी मुठीने उंची बघा.’ अक्षर मामांचं नव्हतं.

नव्या पत्राचा मधला परिच्छेद मी यावरच लिहिला. विशेषण एकही वापरलं नाही. दोन आकडे आले, तिने काय तपासलं आणि कोणत्या क्रमाने, आणि शेवटी काय निघालं, एवढंच. परदेशातल्या भू-तांत्रिक विभागातला कुणीही प्राध्यापक हा प्रसंग वाचताच ओळखेल की एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे या मुलीला कुणी सांगावं लागत नाही. हे वाक्य मात्र मी पत्रात लिहिलं नाही. पहिल्या खर्ड्यात होतं, नंतर काढलं. प्रसंग नीट सांगितला की त्याचा अर्थ वाचणाऱ्याला लागतो.

सुरुवातीचा आनंद व्यक्त करणारा परिच्छेद काढून तिथे दोन ओळी घातल्या: मी तिला कोणत्या विषयांत शिकवलं, आणि वर्गाबाहेर प्रकल्पाच्या निमित्ताने किती जवळून पाहिलं. पुढे तुलना हवी होती. ‘माझ्या उत्कृष्ट विद्यार्थ्यांपैकी एक’ हे आमच्या फाइलमध्ये सगळ्यांनाच मिळतं. मी लिहिलं की तिचे गुण वर्गात पहिल्या दहांत नाहीत, पण प्रयोगाच्या कामात गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मुलांत मी तिला पहिल्या तीनांत धरते. गुणांचा उल्लेख पाहून एक सहकारी म्हणाले, ‘मॅडम, कशाला? ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिसतंयच की.’ दिसतंय म्हणूनच लिहिलं. दिसणारी गोष्ट पत्राने टाळली की बाकीच्या पत्रावरचाही भरवसा जातो.

कमकुवत बाजूवर मी सगळ्यात जास्त अडले. ती बोलत नाही. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांसमोर तिचं उत्तर अर्ध्या वाक्यात संपतं आणि परीक्षकांना वाटतं येत नाही. हे वगळावं असं वाटत होतं, पण प्रकल्पाच्या शेवटच्या सादरीकरणात तिने आलेख पडद्यावर लावून एका परीक्षकाचा आक्षेप दोन मिनिटांत मोडून काढला होता. तेव्हा दोन्ही लिहिलं: तोंडी परीक्षेत तिला तोलू नये, आकडे समोर ठेवून बोलू द्यावं.

पोर्टलवर पत्राशेजारी एक तक्ता भरावा लागतो. संशोधनक्षमता, लेखन, तोंडी अभिव्यक्ती, आणि प्रत्येकापुढे वरचे 5 टक्के, 10 टक्के, 25 टक्के असे पर्याय. आमच्याकडे डोळे मिटून सगळीकडे पहिला पर्याय निवडायची चाल आहे. पत्रात ती बोलत नाही असं लिहून तक्त्यात तोंडी अभिव्यक्तीला वरचे 5 टक्के दिले असते, तर दोन्ही वाया गेलं असतं. मी तिथे 25 दिले, संशोधनक्षमतेला 5. तिने हे पत्र पाहण्याचा हक्क सोडला होता. अमेरिकेत 1974च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहता येते, म्हणून अर्जातच हा हक्क सोडायचा की नाही ते विचारतात, आणि न सोडलेली पत्रं समित्या जरा सावधपणे वाचतात. म्हणजे मसुदा स्वतः लिहून आणायचा आणि वर पत्र न पाहण्याची कबुली द्यायची, ही आमच्याकडची गंमत या मुलीपुरती तरी टळली.

त्याच आठवड्यात वर्गातला पहिला आलेला मुलगा आला. मसुदा तोच. मी त्याला दोन सत्रं शिकवलं होतं, हजेरी पूर्ण, पेपर सुरेख, पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखा एकही प्रसंग मला आठवेना. त्याच्याकडून कच्ची वही मागितली तर ती नव्हती. त्याला म्हटलं, ‘तुझा प्रकल्प ज्या सरांकडे होता त्यांच्याकडून घे. त्यांनी तुला काम करताना पाहिलंय.’

‘पण मॅडम, ते असिस्टंट प्रोफेसर आहेत. तुम्ही एचओडी.’

मी त्याला सांगितलं की माझ्या पत्रात जे येईल ते त्याच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये आधीच आहे. त्याला पटलं असं काही दिसलं नाही. तरी तो त्या सरांकडे गेला, आणि संध्याकाळी सर माझ्या केबिनमध्ये आले. विचारत होते, कॉंक्रीटचे ठोकळे फुटले तेव्हाचा किस्सा पत्रात लिहिला तर चालेल का, त्यात मुलाचीच चूक होती.

‘पुढे त्याने काय केलं?’ मी विचारलं.

‘रविवारी येऊन सगळे नऊ ठोकळे पुन्हा ओतले.’

‘मग लिहा,’ म्हटलं, ‘ठोकळे का फुटले तेही लिहा.’