कतअ-कलामी माफ

उर्दूत कुणाचं बोलणं मध्येच थांबवायचं असेल तर आधी ‘कतअ-कलामी माफ’ म्हणतात. कतअ म्हणजे तोडणं, कलाम म्हणजे बोलणं. तुमचं बोलणं तोडतोय, माफ करा. हा शब्दप्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण आमच्या मुलांवर तो वापरायची वेळ घरी सहसा येतच नाही. ‘बडों की बात नहीं काटते’ हे ऐकतच ती वाढतात. मोठे बोलत असले की गप्प बसायचं, आपल्याला विचारलं तर बोलायचं.

हा अदब मला प्यारा आहे. पण नोकरीच्या गटचर्चेत तो मुलांना महागात पडतो. माझ्या दोन माजी विद्यार्थिनी, दोघीही वाचणाऱ्या, अशा फेरीतून एक शब्द न बोलता परतल्या. एक म्हणाली, “टीचर, कोणी थांबतच नव्हतं. मध्ये कसं बोलायचं?” कोपऱ्यात बसलेले परीक्षक जे ऐकतात त्यालाच गुण देतात. मनात तयार असलेलं उत्तर त्यांच्या कागदावर येत नाही.

गेल्या वर्षी मी स्वतः अशा एका फेरीला बसले. एका शैक्षणिक संस्थेत शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची जागा होती. आम्ही आठ जण, विचाराला दोन मिनिटं, चर्चेला पंधरा. विषय होता, ‘पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ असावा का?’ हिशोब सोपा आहे. पंधरा मिनिटं आठ जणांत वाटली तर वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. म्हणजे लांब भाषणाला जागा नाही. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं तीन-चार वेळा बोलता आलं तरी पुष्कळ.

विषय जाहीर होताच एका तरुणाने सुरुवात केली, “गृहपाठ हवाच, त्याने सवय लागते.” मग तिघे एकदम बोलू लागले. अशा वेळी आमची मुलं हात वर करतात किंवा “मला एक बोलायचंय” म्हणतात. पण तिथे परवानगी देणारं कोणी नसतं. तुम्ही विचारेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो. शिरायची जागा वेगळीच असते. माणूस उदाहरण संपवतो तिथे श्वास घेतो, किंवा मुद्दा संपला की “म्हणजे मला म्हणायचंय की…” करत तेच पुन्हा सांगू लागतो. तीच फट. तिथे त्याचाच शब्द उचलायचा. मी जरा पुढे झुकून म्हटलं, “सवय, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण सहा वर्षांच्या मुलाला सवय कशाची लावायची, लिहिण्याची की बोलण्याची?” स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला की माणूस ऐकायला थांबतो, आणि आपण बोलणं तोडलं असंही वाटत नाही.

पुढे जिल्हा परिषद शाळेतल्या एक ताई म्हणाल्या, “आईबाप मजुरीला जातात, मुलाचा गृहपाठ करून कोण घेणार?” मुद्दा सगळ्यांना पटला. लागोपाठ दोघे “मी ताईंशी सहमत आहे” म्हणाले आणि ताईंचंच वाक्य फिरवून बोलले. अशा दुजोऱ्याने चर्चा तिथेच उभी राहते. सहमती दाखवताना आपली एक तरी गोष्ट तिच्यात घालावी लागते: एखादा दाखला, कारण, किंवा हे कुठपर्यंत खरं आहे ती मर्यादा. मी म्हटलं, “ताई म्हणतात ते आमच्या उर्दू शाळेत रोज दिसतं. तिथे घरी असलेल्या आईचीही अडचण होते, कारण तिला उर्दू वाचता येतं, पण मराठीच्या वहीत ती मदत करू शकत नाही. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलंय.” ताईंचा मुद्दा ताईंच्याच नावावर राहिला आणि मजुरीच्या पलीकडे एक पाऊल पुढे गेला. अर्धंच पटत असेल तर तेही सरळ सांगावं: “लेखी गृहपाठापुरतं मला हे मान्य आहे, पाठांतराबद्दल नाही.” गुळमुळीत होकारापेक्षा हे ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

नवव्या-दहाव्या मिनिटाला गाडी ट्यूशनच्या फीवर गेली, तिथून इंग्रजी माध्यमावर, आणि दोघांची चांगलीच जुंपली. एकाने “आपण विषय सोडून बोलतोय” असं सुनावलं. बोलला ते खरं होतं, पण दोघेही दुखावले आणि आणखी जोरात बोलू लागले. चर्चा वळवायची तर आधी त्यांच्या मुद्द्याला मान द्यावा, मग त्याचा मूळ विषयाशी धागा दाखवावा, आणि शेवटी एक नेमका प्रश्न ठेवावा. दोघांतला एक श्वास घ्यायला थांबला तेव्हा मी म्हणाले, “ट्यूशनचा खर्च खराच आहे, आणि तो गृहपाठाला लागूनच येतो. गृहपाठ घरी होत नाही म्हणून तर पालक ट्यूशन लावतात. मग पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला, तर त्याच्या जागी घरी काय द्यायचं?”

कोपऱ्यातल्या एका मुलाने तेव्हा पेन खाली ठेवून वर पाहिलं होतं. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, “तुम्ही बराच वेळ लिहून घेताय, तुम्हाला काय वाटतं?” तो म्हणाला, “घरच्या भाषेत एक गोष्ट ऐकून यायची आणि वर्गात सांगायची.” शेवटची तीन मिनिटं त्याच गोष्टीवर गेली. पण गप्प माणसाला असं बोलतं करायचं ते त्याची तयारी दिसली तरच. मान खाली घालून बसलेल्याला सगळ्यांसमोर विचारलं तर तो गांगरतो. आणि हे वळवणं एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा केलंत की तुम्ही सगळ्यांचे सर होऊन बसता.

आपलं बोलणं कोणी तोडलं तर? “एवढं वाक्य पुरं करते, मग तुम्ही बोला” म्हणायचं आणि खरंच एका वाक्यात थांबायचं. सगळेच ओरडत असतील तर आवाज चढवण्यात अर्थ नाही. गोंगाटही दमतो, तेव्हा बोलायचं. अर्थात सगळ्या जागा सारख्या नसतात. काही ठिकाणी पुढे घुसणाराच माणूस हवा असतो, तिथे या रीतीला कमी गुण पडतील.

मला पुढच्या मुलाखतीला बोलावलं, त्यात यातल्या कशाचा किती वाटा होता ते परीक्षकच जाणोत. आपलं बोलणं पोचलं की नाही, हे मात्र तिथल्या तिथे कळतं. पुढच्या माणसाने तुमचा शब्द उचलला तर पोचलं. तुम्ही बोललाच नाहीत अशा थाटात तो सुरू झाला, तर नाही.

आता दर रविवारी माजी विद्यार्थ्यांतली पाच-सहा मुलंमुली येतात. त्या दोघीही येतात. आमच्या उर्दू शाळांत बैतबाजी चालते. समोरच्याच्या शेराचं शेवटचं अक्षर पकडून आपला शेर म्हणायचा. तोच नियम मी चर्चेला लावलाय. आधीच्याच्या शेवटच्या वाक्यातला एक शब्द घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि आपली एक नवी गोष्ट घातल्याशिवाय मिटायचं नाही. त्या दोघींपैकी जी “कसं बोलायचं” विचारत होती, ती या खेळात हरत नाही. शब्द पकडायला दुसऱ्याचं नीट ऐकावं लागतं, आणि ते तर ती लहानपणापासून करत आली आहे.