फुफीची जमीन कशी गेली

आमच्या फुफीनं पंच्याऐंशी ओलांडली आहेत. लग्न होऊन ती पुनावळ्यात आली तेव्हा घराभोवती शेतं होती, आता खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात. शेजारीपाजारी, रानात, बाजारात सगळीकडे मराठीच बोलत आल्यामुळे आठवणीही ती मराठीतच सांगते. तिची नात परदेशात वाढली. तिला मराठी वाचता येत नाही, पण घराण्याच्या आठवणींचं एक इंग्रजी पुस्तक ती करते आहे, आणि त्यातलं एक प्रकरण फुफीचं.

आम्ही घरच्यांनी मोबाईलवर फुफीचं दोन तासांचं बोलणं रेकॉर्ड केलं. ऐकता ऐकता थेट इंग्रजी करायचं नाही, आधी शब्दन्‌शब्द मराठीत उतरवायचं, हे ठरलेलं होतं. तासाभराच्या बोलण्याला पाच संध्याकाळी लागल्या. पण ऐकताना आपण वाक्य मनातच नीट करून घेतो. कागदावर मात्र "नाही, थांब, तसं नव्हे" हेही राहतं, आणि सांगणाऱ्याची शंका पुष्कळदा तिथेच असते. मग आम्ही सोप्या इंग्रजीत अर्थ लिहून दिला आणि नातीनं त्यावरून प्रकरण रचलं.

भाषा सुरेख होती. अडलो एका वाक्याशी. फुफी म्हणाली होती, "मग जमीन गेली." नातीनं लिहिलं, 'दे टुक आवर लँड.' हे 'दे' कोण? मराठीत जमीन आपसूक जाते. माणूसही जातो, १९९७ साली गावही महापालिकेत गेलं. नेणारा सांगावा लागत नाही. इंग्रजीला बहुतेक वेळा कर्ता हवा असतो, आणि तो नातीनं आपल्या अंदाजानं बसवला. छापून आलं असतं तर कुणावर तरी आरोप झाला असता.

आम्ही फुफीलाच विचारलं, "गेली म्हणजे कशी गेली?" ती म्हणाली, "एक का गेली? तीनदा गेली." एक तुकडा कसणाऱ्या कुळाच्या नावावर झाला, एक रस्त्यात गेला, एक घरातल्याच लग्नासाठी विकला. हे ताडून पाहता येतं. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात, आणि जमीन कुळकायद्यानं गेली, संपादनानं की खरेदीखतानं, हे त्या फेरफारात लिहिलेलं असतं. कुळाच्या नोंदीत १ एप्रिल १९५७ ही कृषकदिनाची तारीख दिसली तेव्हा आमची खात्री पटली. इंग्रजीत आता त्या एका वाक्याची तीन वाक्यं झाली आहेत.

दुसरी अडचण सालाची. फुफी म्हणते, "पानशेत फुटलं त्या वर्षी सहरीला उठलो होतो, आणि फळीवरची भांडी खडखडली." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, आणि ते पाणी मुठेतून पुण्यात शिरलं. पुनावळ्याच्या कडेनं वाहते ती पवना. शिवाय त्या जुलैत रमजान नव्हताच. कोयनेचा भूकंप मात्र ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारनंतर झाला, आणि त्या साली रमजान डिसेंबरच्या सुरुवातीलाच लागला होता. म्हणजे सहरी खरी, भांडी खरी, चुकलं फक्त वर्ष. नात मजकुरातच साल बदलायला निघाली होती. आम्हाला ते पटलं नाही. फुफीच्या मनात दोन्ही हादरे एकत्र बसलेले आहेत, ती तिची आठवण आहे. तिचं वाक्य तसंच ठेवलं आणि खरी तारीख खाली तळटिपेत दिली.

एका जागी मात्र काही इलाज सापडला नाही. फुफी जमिनीला "आमची" म्हणते आणि विहिरीला "आपली". जमीन तिच्या सासरची होती. विहिरीत ऐकणाराही आला, म्हणजे समोर नसलेली नातसुद्धा. इंग्रजीत दोन्हींना 'आवर'. शेवटी विहिरीच्या वाक्यात नातीनं 'युअर्स अँड माइन' असं घातलं. थोडं जड वाटतं, पण अर्थ पोचतो.

सगळं झाल्यावर प्रकरण पुन्हा मराठीत करून फुफीला वाचून दाखवलं. हे केल्याशिवाय काही छापू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण तिच्या नावानं "मी" म्हणून जे छापलं जातं ते तिला ऐकवायलाच हवं. भूकंपाला ती हसली. जमिनीच्या विक्रीशी येताच हात वर केला. "दिरानं विकली हे नको. त्याची मुलं गावात आहेत." आम्ही म्हटलं, खोटं तर लिहिता येणार नाही. ती म्हणाली, "खोटं कुठं? नाव नको एवढंच." इथे इंग्रजीच उपयोगी पडली. वाक्य झालं, 'वन पीस वॉज सोल्ड फॉर अ वेडिंग.' ते मराठीत सांगितल्यावर फुफी म्हणाली, "हां, असं चालेल."