बोर्डो मलम अन् माझ्या दोन गोळ्या

आज संत्र्याच्या झाडांना पावसाळ्याआधीचं बोर्डो मलम लावलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना अन् दहा लिटर पाणी. खोडाला जमिनीपासून तीन फुटापर्यंत. शेजारी बांधावर उभा होता. म्हणे, "झाडं तं हिरवीगार हायेत, कायले खर्च करतं बावा?" म्हटलं, डिंक्याची बुरशी मातीत बसलेलीच असते. झाड हिरवं दिसते म्हणून मलम सोडलं तर दोन-तीन पावसाळ्यात खोडातून डिंक वाहते, अन् तेव्हा मलम लावून झाड वाचेलच याची खात्री नाही.

हे बोललो अन् माझंच मला हसू आलं. झाडाच्या बाबतीत जे मला कळत होतं, ते स्वतःच्या पोटाच्या बाबतीत कळलं नव्हतं. आज पिकाचं नाही, तेच लिहितो. लाजेची गोष्ट आहे, पण लिहितो.

2021 च्या पेरणीत मला शौचातून रक्त पडायला लागलं. मी मूळव्याध समजलो. महिनाभर ताक अन् मूळव्याधीचं चूर्ण घेतलं, तिखट सोडलं. फरक नाही. उलट दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागे. रात्री झोपेतून उठून पळावं लागे. रक्तासोबत शेंबडासारखी आव पडे, अन् जाऊन आलं तरी पोट साफ झालं नाही असं वाटून परत कुथत बसावं लागे. मूळव्याधीत बहुतेक वेळा शौच बांधलेली असते अन् रक्त वरून लागते किंवा टपकते. माझं रक्त पातळ शौचात मिसळलेलं होतं. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता.

अमरावतीला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन 8.9 निघालं. आधी शौचाची तपासणी केली, कारण अमिबाची किंवा जंतूंची रक्ती आवही अशीच दिसते. मग दुर्बीण घालून आतला तुकडा तपासायला पाठवला. निदान झालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज अन् जखमा. हा जंतूंचा रोग नाही, घरच्यांना लागत नाही. आपलीच रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते.

दोन औषधं मिळाली. एक प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला 5 कमी करत बंद. दुसरं मेसालामाइन, 1.2 ग्रॅमच्या चार गोळ्या रोज, अन् बरं वाटल्यावर दोन. दिवाळीपर्यंत मी ठणठणीत झालो. स्टेरॉइड सुटलं, दोन गोळ्या चालू राहिल्या.

चूक इथून पुढं झाली. वर्षभर काहीच त्रास नाही. कापूस घरात पडून, भाव नाही. गोळ्यांना महिन्याला दीड हजार जात. 2023 च्या जानेवारीत मी गोळ्या बंद केल्या. बायको रोज विचारे, "गोळी घेतली काय जी?" मी हो म्हणे. खोटं बोललो.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. काहीच झालं नाही. फसगत होते ती इथंच. गोळी सोडल्याबरोबर त्रास झाला असता तर मी दुसऱ्याच दिवशी परत घेतली असती. मे महिन्यात नांगरटीनंतर कंबर धरली म्हणून आठवडाभर अंगदुखीच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या. मेअखेर परत रक्त दिसलं. मी जुलाब थांबवायची गोळी घेतली, ते आणखी चुकलं. आतडं सुजलेलं असताना तिनं आतडं फुगून जिवावर बेतू शकते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात भरती झालो. शिरेतून स्टेरॉइड, पाच दिवस. मृगाची पेरणी पोरानं एकट्यानं केली.

हिशेब मांडतो. साडेचार महिन्यांच्या गोळ्या वाचवून वाचले पावणेसात हजार. दवाखाना, तपासण्या अन् गाडीभाडं गेलं सेहेचाळीस हजार. वर अशक्तपणात दीड महिना वाया.

भरती असताना डॉक्टरांना म्हटलं, "मी तं बरा झालो होतो जी." ते म्हणाले, "तुम्ही बरे नव्हते झाले. रोग निजला होता, अन् गोळी त्याला निजवून ठेवत होती." मेसालामाइन आतड्याच्या अस्तरावर थेट काम करते. म्हणून गोळीवर असं वेष्टन असते की ती पोटात न विरघळता खाली आतड्यात जाऊन विरघळते, अन् म्हणूनच ती चावायची किंवा फोडायची नाही. काम रोजचं आहे, साठा होत नाही.

त्यांनी अमेरिकेतला 2003 सालचा एक अभ्यास सांगितला. त्रास थांबलेल्या 99 रोग्यांवर लक्ष ठेवलं होतं. नीट गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरी 89 जण बरे राहिले, चुकवणाऱ्यांपैकी फक्त 39. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच रोग तरुणपणापासून होता. 2007 मध्ये त्यांनी पद सोडलं त्यात या आजाराचा मोठा वाटा होता, अन् ऑगस्ट 2020 मध्ये रोग उलटला म्हणून परत सोडलं. नीट औषध घेऊनही कधी कधी रोग उठतो, हे खरं आहे. पण गोळी सोडणं म्हणजे आपणच त्याला उठवणं.

एक गोष्ट उलटी समजू नका. रोज चालू ठेवायची ती मेसालामाइनसारखी गोळी, स्टेरॉइड नाही. स्टेरॉइड स्वस्त आहे अन् लवकर आराम देते म्हणून काही जण तेच वर्षभर खातात. त्यानं तोंड सुजते, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. पण चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडायचंही नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं.

आता माझं असं चालते. सकाळच्या चहासोबत दोन गोळ्या. डबीत दहा दिवसांच्या उरल्या की नवीन आणतो. वर्षातून एकदा किडनीची रक्ततपासणी, कारण ही गोळी क्वचित किडनीला त्रास देते. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक नाही. पैसे कमी असले तर गोळी सोडत नाही, डॉक्टरांना सांगतो. सल्फासालाझिन नावाची जुनी, स्वस्त गोळी काहींना चालते. पण ते त्यांनी ठरवायचं.

रक्त किंवा आव परत दिसली, रात्री उठावं लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, त्यासोबत 100 च्या वर ताप किंवा 90 च्या वर नाडी, किंवा पोट फुगून दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात. पेरणी असली तरी.

काल बायकोनं विचारलं, "गोळी घेतली काय जी?" रिकामं पाकीट तिच्या हातात दिलं.

संत्र्याला दुसरा हात पावसाळ्यानंतर.