तीन महिन्यांत बदललेली अक्षरं



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात शुद्धलेखन घेत होते. 'विशेष' हा शब्द सांगितला आणि एका मुलीने हात वर केला. "बाई, ऐकायला तर सारखंच येतं, मग 'श' दोन कशाला? एक काढून टाकला तर?" वर्ग हसला. मी नेहमीचं उत्तर दिलं, "अगं, तसं करता येत नाही, भाषेचे नियम असतात." पण घरी येताना वाटलं, आपण चुकीचं सांगितलं. तसं करता येतं. एका देशाने अक्षरं नुसती कमी नाही केली, सगळीच्या सगळी बदलली, आणि तीही तीन महिन्यांत. तो देश म्हणजे तुर्कस्तान. आज त्याचीच गोष्ट सांगते, कारण ती वाचताना आपल्या वर्गातल्या बऱ्याच गोष्टी मला नव्याने दिसल्या.

हरलेल्या साम्राज्याचे अधिकारी

पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूने लढलं आणि हरलं. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये शस्त्रसंधी झाली. राजधानी इस्तंबूलमध्ये विजेत्यांचं सैन्य शिरलं आणि उरलेल्या मुलखाचे वाटे पडू लागले. सुलतान गादीवर होता, पण नावापुरता. तेव्हा मुस्तफा केमाल, इस्मत, काझिम काराबेकिर अशा काही लष्करी अधिकाऱ्यांनी अनातोलियात जाऊन प्रतिकार उभा केला. 1920 मध्ये अंकारा या तेव्हाच्या लहानशा गावात त्यांनी स्वतःची संसद भरवली, 1922 पर्यंत लढाई जिंकली आणि 29 ऑक्टोबर 1923 रोजी प्रजासत्ताक जाहीर केलं.

हे अधिकारीच का, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शाळेत आहे. साम्राज्यात जुन्या मदरसे होत्या, तशाच नव्या पद्धतीच्या लष्करी शाळाही होत्या. तिथे गणित, नकाशे, फ्रेंच भाषा शिकवत. केमाल अशाच शाळेतून आलेला. 'केमाल' हे नावही त्याला लष्करी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाने दिलेलं. साम्राज्य का हरलं, याचं या लोकांचं उत्तर होतं की शिक्षण आणि कायदा जुना राहिला.

त्यानंतरचे निर्णय भराभर आले. 3 मार्च 1924 रोजी, एकाच दिवशी, खलिफाचं पद रद्द झालं आणि सगळ्या शाळा एका शिक्षण मंत्रालयाखाली आल्या. मदरसे बंद झाले. (आपल्याकडे खिलाफत चळवळीत ज्या पदासाठी लोक तुरुंगात गेले, ते पद तुर्कांनी स्वतःच काढून टाकलं!) 1926 मध्ये स्वित्झर्लंडच्या कायद्यावर बेतलेला नागरी कायदा आला आणि लग्न, घटस्फोट, वारसा हे विषय धार्मिक कायद्याकडून दिवाणी कोर्टाकडे गेले. एप्रिल 1928 मध्ये 'राज्याचा धर्म इस्लाम' हे वाक्य राज्यघटनेतून निघालं. आणि त्याच वर्षी अक्षरांची पाळी आली.

जुन्या लिपीची अडचण काय होती?

तुर्की भाषा तेव्हा अरबी लिपीत लिहीत. आता आपण शिक्षक आहोत, तर ही अडचण शिक्षकाच्या नजरेने बघू. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत. अरबी लिपीत स्वरांसाठी अक्षरं मोजकीच. त्यातलं 'वाव' हे एक अक्षर ओ, उ आणि तुर्कीतले त्यांच्यासारखे आणखी दोन स्वर, शिवाय 'व' हे व्यंजन, इतक्या सगळ्यांसाठी चालवायचं. त्यामुळे 'झाला' आणि 'मेला' हे दोन तुर्की शब्द सारखेच लिहिले जात. अमका अधिकारी झाला की मेला, हे वाचणाऱ्याने मागच्या-पुढच्या वाक्यावरून ओळखायचं.

आपल्याकडे असं असतं तर? समजा, ओकार आणि ऊकार यांना एकच खूण असती. मग 'पोर' आणि 'पूर' सारखेच दिसले असते, 'मोल' आणि 'मूल'ही. "नदीकाठी पूर आला" की "नदीकाठी पोर आला"? भाषा चांगली येणारा मोठा माणूस अंदाजाने वाचून जाईल. पहिलीतलं मूल तिथेच अडकेल.

उलट बाजूने अक्षरं जास्तही होती. तुर्क माणसाच्या तोंडी 'झ' हा ध्वनी एकच, पण अरबी शब्दांच्या मूळ स्पेलिंगमुळे त्यासाठी चार वेगळी अक्षरं लक्षात ठेवायची. माझ्या विद्यार्थिनीचा 'श-ष'चा प्रश्न इथे चौपट झालेला!

हा त्रास लष्कराला आधीच जाणवला होता. महायुद्धाच्या काळात एनव्हर पाशाने सैन्यात अरबी अक्षरंच सुटी-सुटी लिहायची आणि सगळे स्वर दाखवायचे असा प्रयोग केला. तो फसला. युद्ध चालू असताना लोकांना ती लिपी वाचताही येईना आणि लिहिताही. अर्धवट बदलाचं काय होतं, हे या अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तीन महिने

1928 च्या उन्हाळ्यात भाषा समितीने लॅटिन अक्षरांवरून नवी वर्णमाला तयार केली. एका ध्वनीला एक अक्षर, एकूण 29. समितीतल्या लोकांना वाटत होतं की बदलाला काही वर्षं लागतील. वर्तमानपत्रांत आधी थोडा मजकूर नव्या अक्षरांत, मग हळूहळू वाढवत न्यायचा. केमालचं म्हणणं असं की हे तीन महिन्यांत होईल, नाहीतर होणारच नाही. निम्मं पान जुन्या अक्षरांत असेल तर लोक तेच निम्मं वाचतील. आपण मुलांना गाईड देतो तेव्हा पाठ्यपुस्तकाचं काय होतं, आठवा!

9 ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलच्या एका बागेतल्या कार्यक्रमात त्याने नवी अक्षरं जाहीर केली. मग राजवाड्यात फळा लावून खासदारांचे वर्ग घेतले. त्यानंतर तो फळा आणि खडू घेऊन गावोगाव फिरला. राष्ट्राध्यक्ष फळ्यापाशी उभा आहे आणि समोर माणसं, असा कायसेरीचा फोटो प्रसिद्ध आहे.

1 नोव्हेंबरला कायदा झाला. 1 डिसेंबरपासून वर्तमानपत्रं, पाट्या, जाहिराती नव्या अक्षरांत. 1 जानेवारी 1929 पासून पुस्तकं आणि सरकारी कामकाज. शाळेत जुन्या अक्षरांची पुस्तकं वापरायला बंदी. वर्तमानपत्रांचा खप धाडकन पडला, सरकारला त्यांना पैसे देऊन जगवावं लागलं. 24 नोव्हेंबरला केमालला 'मुख्य शिक्षक' हे पद मिळालं. तुर्कस्तानात शिक्षक दिन आजही त्याच तारखेला असतो.

मग सगळे साक्षर झाले का?

इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. कारण ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात, टाळ्या वाजवून.

1 जानेवारी 1929 रोजी 'राष्ट्राच्या शाळा' सुरू झाल्या. 16 ते 45 वयाच्या प्रौढांसाठी. ज्यांना जुनी लिपी येत होती त्यांना दोन महिने, ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांना चार महिने. पहिल्या वर्षी दहा लाखांच्या आसपास लोक आले आणि निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना प्रमाणपत्र मिळालं. 1927 च्या जनगणनेत दहातल्या साधारण एकालाच वाचता येत होतं. 1935 मध्ये पाचातल्या एकाला. दुप्पट झालं, हे मोठंच काम. पण अक्षरं सोपी होऊन सात वर्षं झाली तरी पाचातल्या चौघांना वाचता येत नव्हतं. कारण खेड्यांत शाळा नव्हत्या आणि शिक्षकही नव्हते. लिपी हुकुमाने बदलता येते. वाचणं मात्र कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

किंमतही मोजावी लागली. 1928 मध्ये उघड विरोध फारसा झाला नाही, कारण 1925 च्या बंडानंतर विरोधी वर्तमानपत्रं आणि विरोधी पक्ष बंद केले होते. ज्या काराबेकिरने स्वातंत्र्ययुद्धात खांद्याला खांदा लावला, तो लॅटिन अक्षरांच्या विरोधात होता, आणि त्याचाच पक्ष बंद झाला. नव्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं घेतली नाहीत. तुर्कीला ती लागत नव्हती, पण कुर्दी भाषेला लागत होती. त्या अक्षरांवरची बंदी 2013 मध्ये उठली. तोवर कुर्दी आईबापांना मुलाचं नाव सरकारी कागदावर हवं तसं लिहिता येत नव्हतं. आणि नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येईनात, ती वेगळीच.

हे शेवटचं मला लगेच पटलं. आमच्या घरी पणजोबांचा जमिनीचा कागद आहे, मोडीत लिहिलेला. भाषा मराठीच, पण घरात एकालाही वाचता येत नाही. वडिलांनी तो मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून पैसे देऊन वाचून घेतला.

आता माझी गोष्ट. नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी संध्याकाळी वर्ग घेत होते. एक मावशी रोज यायच्या. अक्षरं ओळखू लागल्या, सही करू लागल्या, परीक्षेला बसल्या. यादीत त्यांच्या नावापुढे मीच आनंदाने खूण केली. दोन महिन्यांनी त्या एसटी स्टँडवर भेटल्या. समोर गाडी उभी होती आणि त्या शेजारच्या मुलाला विचारत होत्या, "बाळा, ही गाडी कुठं जाती रे?" पाटी मराठीत होती, अक्षरंही ठसठशीत. मला पाहून त्या ओशाळल्या. खरं तर ओशाळायला मीच हवं होतं. मी अक्षरं शिकवून थांबले होते. तेव्हापासून आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसते. पुस्तक नाही. एसटीच्या पाट्या, लाइट बिल, औषधाची पाकिटं, एवढंच वाचतो.

वर्गात करून पाहा: फळ्यावर पाच-सहा वाक्यं लिहा, पण ओकार आणि ऊकार दोन्हींच्या जागी एकच खूण वापरा. मुलांना वाचायला लावा. कुठे अडतात, कुठे अंदाजाने बरोबर वाचतात, ते टिपा. मग विचारा, "आता दोन खुणा हव्यात की एक?" माझ्या त्या विद्यार्थिनीने बराच विचार करून सांगितलं, "बाई, ओ आणि ऊ दोन्ही हवेत. पण 'ष'चं मी अजून ठरवलं नाही."

तिला ठरवू दे. तुमच्या वर्गात काय झालं ते मला जरूर कळवा.